एकोणीस नंबरची जोडी

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका हातात पडली आणि डोळ्यांसमोर शाळा नाही, बाई आल्या. पाचवी-बच्या आमच्या वर्गशिक्षिका. बाकी कुणाबद्दल लिहायला जागा उरली नाही तर क्षमा असावी.

सहल सज्जनगडची. पटावर आम्ही छप्पन्न. बाईंनी एसटीच्या दारात दोन गैरहजर खोडले आणि चोपन्न हा त्या दिवसाचा आकडा ठरवला. ज्यांचा जोडीदार आला नव्हता त्या दोघांची तिथेच नवी जोडी लावली. जोड्या झाल्या सत्तावीस. हजेरीत पहिल्याने जोडीचा नंबर सांगायचा, दुसऱ्याने "मी पण" म्हणायचं. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याने द्यायचं नाही, हा नियम त्यांनी चार वेळा बजावला. मोजायच्या जागाही ठरलेल्या: गाडीचं दार, गडाचे दोन्ही दरवाजे, पंगतीला बसताना आणि उठल्यावर. दरवाजाच का, तर तिथे एकेक जण पुढे जातो. मोकळ्या पटांगणात पोरं हलतात आणि एकच डोकं दोनदा मोजलं जातं.

त्या दिवशी गडावर आणखी दोन शाळा होत्या, एकीचा गणवेश हुबेहूब आमच्यासारखा. प्रसाद झाला, उठल्यावरची हजेरी पूर्ण भरली. उतरताना समर्थ महाद्वारात बाई एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजू लागल्या. चोपन्न! सोबतचे सर म्हणाले, "भरले, चला." बाई म्हणाल्या, "जोड्या."

अठरापर्यंत सुरळीत. मी ओरडलो, "एकोणीस!" पुढे काहीच नाही. शेजारी पाहिलं तर कुणी अनोळखी मुलगा, रडकुंडीला आलेला. दुसऱ्या शाळेचा होता तो, गणवेश बघून आमच्या रांगेत शिरलेला. डोकी चोपन्नच, पण त्यातलं एक आमचं नव्हतं.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. सगळ्यांना भिंतीच्या सावलीत जोडीनं बसवलं आणि स्वतः तिथून हलल्या नाहीत. सरांना म्हणाल्या, "पंगतीनंतर होता. तिथून इथवरच शोधा, सगळा गड नको. आणि ह्याला त्याच्या शाळेकडे पोचवा." दहा मिनिटांत माझा जोडीदार सापडला. मठाबाहेर शेकडो चपलांत स्वतःची चप्पल शोधत बसला होता. मला न सांगता गेला, आणि मीही भांडणात त्याचा हात सोडला होता. तेव्हा बाईंचा धपाटा दोघांनाही मिळाला.

आज साताऱ्यात माझ्या स्वतःच्या दोन बस आहेत. हंगामात शाळांच्या सहली नेतो. हल्ली शिक्षक ग्रुपवर फोटो टाकतात आणि विचारलं की "सगळे आहेत" म्हणतात. मी गाडीच्या दारात उभा राहून जोड्या विचारल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी काढू देत नाही. काही सरांना राग येतो. येऊ दे.

पत्रिका आली तशी जोडीदाराला फोन लावला. उचलल्याबरोबर म्हणालो, "एकोणीस!"

"मी पण," तो म्हणाला. "आणि चप्पल अजून मिळाली नाही."