पुठ्ठा, फॉइल आणि माझा उजवा गाल

मी घरी फोनवर गणिताच्या धड्यांचे व्हिडिओ करते, आणि त्यांत माझा डावा गाल पहिल्या दिवसापासून छान दिसत होता. खिडकी डावीकडे होती आणि थेट ऊन आत येत नव्हतं, त्यामुळे त्या बाजूला अगदी मऊ उजेड पडायचा. रडगाणं सगळं उजव्या गालाचं. आठ मिनिटांचा गणिताचा धडा, आणि मी अर्ध्या चेहऱ्यानेच शिकवतेय असं दिसायचं.

यावर उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: पुठ्ठ्याला फॉइल चिकटवा, अंधाऱ्या बाजूला उभं करा, झालं. एका वाक्यात संपणाऱ्या या उपायाने माझे तीन दिवस खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुठ्ठा साधारण दोन फूट बाय तीन फूट घेतला. पहिला पुठ्ठा पातळ डिंक लावून वाया घालवला. ओल्या डिंकाने तो वाळता वाळता परातीसारखा वाकला. दुसऱ्याला फॉइलच्या पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवून लावल्या, कडा मागे दुमडल्या आणि नुसत्या चिकटपट्टीने बसवल्या. अजिबात सुरकुती पडू दिली नाही. इतका गुळगुळीत झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. तो अभिमान पुढे महागात पडला.

पहिला दिवस. पुठ्ठा माझ्या बरोबर उजवीकडे, खिडकीच्या समोरासमोर ठेवला. चेहऱ्यावर फरक जवळजवळ शून्य. कारण नंतर कळलं: खिडकी आणि पुठ्ठा यांच्या मधोमध मी बसले होते. पुठ्ठ्यावर जो उजेड पडायला हवा, त्यातला बराचसा माझंच डोकं आणि खांदा अडवत होते. मग पुठ्ठा थोडा पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवला आणि त्याचं तोंड नीट माझ्याकडे केलं. तरीही काही नाही. जवळ आणला, लांब नेला, खुर्चीवर ठेवला, पुस्तकांच्या चळतीला टेकवला. दुसरा दिवस यातच गेला.

शेवटी ताई मदतीला बसली. मी ट्रायपॉडमागे उभी राहून तिचा चेहरा फोनवर बघत होते आणि "अजून थोडं डावीकडे, अजून थोडं" करत होते. ती वैतागून म्हणाली, "अगं, मला यात मीच दिसतेय. खिडकी कुठे आहे?"

घोळ नेमका तिथेच होता. गुळगुळीत फॉइल म्हणजे आरसाच, जरा मळकट. आरसा तोंड करून माझ्याकडे धरला तर तो मला मलाच दाखवणार, आणि माझी ती बाजू अंधारीच होती. अंधारच परत येत होता. खिडकीचा उजेड गालावर यायचा असेल, तर पुठ्ठ्याचं तोंड मी आणि खिडकी यांच्या मधल्या दिशेला हवं. माझ्या मांडणीत याचा अर्थ असा निघाला की पुठ्ठा माझ्याकडे बघत नाही, माझ्या नाकापुढच्या रिकाम्या जागेकडे बघतो. फिरवावा लागला अगदी थोडा, पंधराएक अंश असेल. दोन दिवस मी त्या पंधरा अंशांच्या भोवती घिरट्या घालत होते.

आता मी हे अंदाजाने करत नाही. छोटा आरसा फॉइलवर सपाट धरायचा, बसणाऱ्याने त्यात बघायचं, आणि खिडकी दिसेपर्यंत पुठ्ठा फिरवायचा. खिडकी दिसली की थांबायचं. एकटे असाल तर आरसा चिकटपट्टीने मधोमध लावा, खुर्चीत बसा आणि हात लांबवून फिरवा. कोन जमला की आरसा काढायला विसरू नका.

कोन जमला आणि दुसरंच संकट आलं. ताईच्या गालावर उजेडाचे पट्टे आले, पाण्यावरून परावर्तित झालेल्या उन्हासारखे. ती बोलताना मान हलवायची आणि पट्टे गालावरून नाकावर सरकायचे. माझा तो लाडका गुळगुळीतपणा! जिथे फॉइल किंचित आत दबून खोलगट झाली होती, तिथून उजेड एकवटून येत होता. सगळी फॉइल उचकटली, हलक्या हाताने चुरगाळून गोळा केला, पुन्हा उलगडून तळव्याने साधारण सपाट केली आणि लावली. शेकडो बारीक सुरकुत्या म्हणजे शेकडो वेगवेगळ्या दिशांचे इवलेसे आरसे. पट्टे गेले, उजेड पसरट झाला, आणि कोन थोडा चुकला तरी चालू लागलं. आरशाची युक्ती तरीही करते, कारण चुरगाळलेली फॉइलसुद्धा जास्त उजेड त्याच दिशेला फेकते. फॉइलची चकचकीत बाजू बाहेर ठेवावी की मंद, यावर मी फार डोकं खाजवलं होतं. चुरगाळण्याने जो फरक पडतो त्यापुढे तो फरक नगण्य आहे.

हो, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे सगळं बघताना फोन मला फसवत होता. पुठ्ठा आणला की उजवा गाल उजळायचा, पण फोन लगेच पूर्ण चित्राचा उजेड कमी करायचा. मला वाटायचं, काहीच बदललं नाही. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा (काही फोनवर AE/AF LOCK असं दिसतं), मगच पुठ्ठा आत-बाहेर करून बघा. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर निदान कुठला बदल उपयोगी पडतोय ते तरी समजलं असतं. चित्रीकरणातही लॉक ठेवावंच, नाहीतर हात हलवला तरी चेहरा उजळ-मंद होत राहतो. ढग आला तर मात्र लॉक काही करू शकत नाही. थांबायचं आणि ते वाक्य पुन्हा बोलायचं.

आता माझी खुर्ची खिडकीपासून साडेतीन फुटांवर असते आणि पुठ्ठा चेहऱ्यापासून दोन फुटांवर, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जेमतेम बाहेर. उंची चेहऱ्याइतकी. मांडीवर ठेवला तर उजेड खालून येतो, नाकाची सावली वर चढते आणि भुताच्या गोष्टी सांगतोय असं दिसतं. खोलीतला दिवा बंद. तो पिवळा असेल तर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट होतो, आणि ते नंतर सुधारताना नाकी नऊ येतात.

दोन्ही गाल सारखे उजळ करायच्या नादाला मी एकदा लागले होते. पुठ्ठा एका फुटावर आणला. चेहरा पोळीसारखा सपाट दिसला, नाक कुठे आहे ते शोधावं लागलं. सावलीची बाजू जराशी गडदच राहू द्यावी, फक्त त्या बाजूचा डोळा स्पष्ट दिसला पाहिजे. खिडकी मोठी आणि दिवस लख्ख असेल तर फॉइल लागतही नाही, त्याच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मी पांढरा कागद लावलाय तो पुरतो. त्याला कोनाची एवढी मिजास नाही, फक्त उजेड कमी देतो.

खुर्ची, ट्रायपॉड आणि पुठ्ठा, तिघांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या आहेत. पुठ्ठ्याची खूण तिरकी आहे. परवा कोणीतरी ती नीटनेटकेपणाने सरळ करून ठेवली होती.