आधी कागद, मग रेकॉर्डिंग

"तुमचा व्हिडिओ बघून माझ्या आईलासुद्धा एक्सेलमध्ये बेरीज जमली. रेकॉर्ड करण्याआधी तुम्ही कागदावर नेमकं काय लिहिता?"

पहिल्यांदा लिहिते ती शेवटची ओळ. त्या व्हिडिओत ती होती: B14 मध्ये 18000 दिसतंय. बारा फ्लॅट, प्रत्येकी 1500 रुपये मेन्टेनन्स. मग उलट चालत येते. 18000 दिसण्याआधी काय दाबलं? एंटर. त्याआधी? कंस बंद केला. असं मागे येत येत रिकाम्या शीटपर्यंत पोचले की पायऱ्या सुटत नाहीत. सुरुवातीकडून लिहिलं तर आपल्या बोटांना सवयीच्या झालेल्या गोष्टी कागदावर उतरतच नाहीत.

कागदाला तीन रकाने असतात: आधी पडद्यावर काय आहे, हाताने काय करायचं, मग काय बदललं. मधल्या रकान्यात एकच क्रिया. 'बेरजेचं सूत्र लिहा' ही पायरी नव्हे, त्यात चार पायऱ्या लपल्यात. B14 वर एकदा क्लिक. मग `=SUM(` टाइप. मग B2 वर माउस दाबून B13 पर्यंत ओढत न्यायचा आणि सोडायचा. मग कंस बंद करून एंटर. शेवटी चौकटीत असं तयार होतं:

```
=SUM(B2:B13)
```

हे मी शिकले ते कोथरूडच्या आमच्याच सोसायटीत. खजिनदार काकूंना माझा पहिला व्हिडिओ दाखवला आणि शेजारी गप्प बसून राहिले. (गप्प बसणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग.) काकू मोबाइलवर व्हिडिओ बघत होत्या आणि लॅपटॉपवर करत होत्या. त्यांची नजर लॅपटॉपवर गेली की मोबाइलवरची मी पुढे निघून जायचे. तेव्हापासून मी विराम कागदावरच लिहिते, आणि तो तिसऱ्या रकान्यानंतर येतो. क्लिक करण्याआधी मी बोलते, 'आता खाली B14 कडे बघा', मग माउस नेते, मग दाबते. बदल दिसला की माउसवरचा हात उचलते आणि मनात तीन अंक मोजते. माउस उगाच फिरत राहिला तर नवखा माणूस त्याच्यामागे जातो, त्याला तीही सूचनाच वाटते.

चुका कुठे सांगायच्या? शेवटी 'नेहमीच्या चुका' असा भाग मी कधी करत नाही. तिसऱ्या पायरीवर अडकलेला माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. चूक जिथे घडते तिथेच, पण बरोबर पद्धत एकदा पूर्ण दाखवून झाल्यावर. आणि एका व्हिडिओत दोनच. पहिली: कंस बंद न करताच दुसऱ्या चौकटीवर क्लिक. सूत्र पूर्ण झालेलं नसल्यामुळे एक्सेल त्या क्लिकचा अर्थ 'ही चौकट घे' असा लावतं आणि B2:B13 च्या जागी भलतंच येतं. उपाय, Esc दाबा, B14 पासून पुन्हा.

दुसरी चूक काकूंचीच. त्यांची बेरीज 16500 आली. सूत्र तर अक्षरशः माझ्यासारखंच. बघितलं तर B7 मध्ये त्यांनी `1500/-` लिहिलं होतं, जन्मभर पावत्यांवर लिहितात तसं. रेघ आणि डॅश लागले की एक्सेलच्या लेखी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो, आणि SUM अशा चौकटीतला मजकूर बिनबोभाट सोडून देतं. लाल खूण नाही, इशारा नाही, फक्त 1500 कमी. ओळखायची खूण मात्र डोळ्यांसमोर असते: बाकीचे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला, हा एकटा डाव्या. ही चूक मी आता व्हिडिओत मुद्दाम करते. 16500 दिसू देते, थांबते, B7 कडे माउस नेते, तिथे नुसतं 1500 टाइप करून एंटर. आकडा उजवीकडे सरकतो, खाली 18000 होतात. तुमच्या शीटमध्ये आकडे मुद्दाम डावीकडे किंवा मध्यभागी लावलेले असतील तर ही खूण चालत नाही, म्हणून सरावाच्या शीटला मी मांडणीचा हातच लावत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नोटिफिकेशन बंद, शीट 150 टक्क्यांवर, कारण बघणारा मोबाइलवर आहे.

एक सुधारणा अजून सांगते. चार पायऱ्यांनंतर मी लांब विराम ठेवला होता, दहा सेकंदांचा. काकूंचा आतून आवाज, "अगं, तुझा व्हिडिओ अडकला बहुतेक!" आता कागदावर त्या जागी वाक्यच लिहिलेलं असतं: 'मी इथे थांबलेय. व्हिडिओ थांबवा, B14 मध्ये 18000 आले की पुन्हा सुरू करा.'