आमची वाटचाल : 10 च्या जागी 20 चा फ्यूज आम्हीही टाकलाय

आमच्या ऑटो इलेक्ट्रिकलच्या वर्कशॉपची सुरुवात सांगायची तर आधी आमची चूक सांगावी लागेल, कारण आज जे काम आम्ही करतो ते त्या चुकीतूनच शिकलोय. सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर, एक शेड, एक टूलबॉक्स आणि एक मल्टिमीटर. हॉर्न, बल्ब, बॅटरीची टर्मिनल साफ करणं असली कामं. तेव्हाच एक काका गाडी घेऊन आले, म्हणाले पार्किंग लाइटचा फ्यूज आठवड्यातून दोनदा जातो, आता कंटाळा आलाय. आम्ही फ्यूज बदलला, लाइट लागले, पाच मिनिटं वाट बघितली, काही नाही. चार दिवसांनी काका परत. मग पार्टनर म्हणाला की 10 अँपिअरचा लाल काढ, 20 चा पिवळा टाक, प्रॉब्लेम मिटला. आणि खरंच मिटला, तीन आठवडे काका आले नाहीत.

आले तेव्हा गाडीत जळक्या रबराचा वास होता. दाराखालची पट्टी काढून कार्पेट उचललं तर पार्किंगची वायर डिकीपर्यंत मऊ पडून शेजारच्या तीन वायरींना चिकटलेली, इन्सुलेशन बोटाने निघत होतं. फ्यूज मात्र शाबूत, पिवळा, चकाचक.

तेव्हा कळलं की फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. त्या गाडीत पुढे दोन, मागे दोन आणि नंबरप्लेटवर दोन असे सहा बल्ब 5-5 वॉटचे, म्हणजे 30 वॉट, 12 व्होल्टला अडीच अँपिअर, मीटरबोर्डच्या लाइटचं धरून तीनच्या आसपास. तीन अँपिअरच्या लोडवर 10 चा फ्यूज जातोय म्हणजे फ्यूज लहान नाहीये, कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय. आणि ती पूर्ण टेकली तर 20 चाही लगेच उडाला असता, पण गंजलेल्या कडेला अर्धवट टेकली की करंट पंधरा-सोळाच्या घरात राहतो. एवढ्यावर 10 चा फ्यूज फार तर काही मिनिटं टिकतो, 20 चा तासन्‌तास टिकतो, आणि ती बारीक वायर तेवढा वेळ तापत बसते.

नवीन वायरी आम्ही आमच्या खर्चाने टाकल्या, दोन दिवस गेले, पण टेकतंय कुठे ते अजून सापडलंच नव्हतं. मीटर लावला की बीप वाजायचा, आम्ही म्हणायचो सापडला शॉर्ट, आणि मग तासभर चांगली वायर सोलत बसायचो. बीप वाजणारच होता हो! थंड बल्बच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स पेटल्यावरच्या मानाने खूपच कमी असतो, सहा बल्ब पॅरलल म्हटल्यावर मीटरला तो शॉर्टच वाटतो. बल्ब काढल्याशिवाय त्या बीपला काही अर्थ नाही, आणि हे आम्हाला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, तेही हसत हसत.

त्यांनीच बल्बची युक्ती दिली. उडालेल्या फ्यूजचे दोन पाय घ्यायचे, त्यांना लांब वायरी जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावायचा. फ्यूज काढून त्याच्या जागी हे पाय खोचायचे आणि लाइटचा स्विच ऑन करायचा. आता कितीही मोठा शॉर्ट असला तरी बल्बमधून साडेचार अँपिअरच्या वर करंट जात नाही, वायर सुरक्षित, फ्यूज जळायचा प्रश्नच नाही. गाडीचे बल्ब जागेवर असतील तर आपला बल्ब मिणमिणता राहतो, शॉर्ट लागला की एकदम पांढरा फक्क. मी पहिल्यांदा 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावला होता, तो नुसत्या लोडमधूनच जवळजवळ पूर्ण पेटला आणि अर्धा दिवस फसवला. (55 वॉटचा बल्ब सीटवर ठेवायचा नाही, भाजतो, सीटलाही आणि आपल्यालाही. आणि एअरबॅगच्या सर्किटला हा प्रयोग आम्ही कधीच करत नाही.)

तर काकांच्या गाडीचे सहाही बल्ब काढले, टेस्ट बल्ब लावला, आणि तो बंदच. दारं उघडली, वायरी हलवल्या, गाडी हलवली, काही नाही. पार्टनर चिडला. मग काकांना विचारलं की फ्यूज नेमका कधी जातो, ते म्हणाले तसं काही नाही, पण सामान भरून निघालं की जास्त. आणि आम्ही तर सगळं चेकिंग डिकी उघडी ठेवून करत होतो! बल्ब काचेजवळ ठेवला बाहेरून दिसेल असा, आणि डिकी लावली. लख्ख. उघडली, विझला. डिकीच्या वायरिंगचा कनेक्टर सोडवून डिकी परत लावली तर बल्ब बंद, म्हणजे भानगड कनेक्टरच्या पुढे, वीतभर जागेत.

बॉडीतून डिकीत वायरी जातात तिथे रबरी बूट असतो, प्रत्येक वेळी डिकी उघडताना तो वाकतो. त्याचं एक टोक भोकातून निसटलं होतं आणि नंबरप्लेटच्या लाइटची वायर पत्र्याच्या कडेवर घासत होती. डिकी लागली की वायर ताणून कडेला टेकायची. इन्सुलेशनवर नखाएवढी चीर, आत तांबं काळं पडलेलं, बस एवढंच.

टेप गुंडाळून सोडलं नाही कारण वाकणाऱ्या जागी टेप टिकत नाही. तेवढ्याच जाडीची लवचिक वायर टाकली, जोड बूटच्या दोन्ही बाजूंना बाहेर घेतले, कारण सोल्डर केलेला जोड वाकला की कडेला तुटतो, वर हीट श्रिंक चढवली आणि बूट भोकात नीट बसवला. मग सगळे बल्ब लावून फ्यूजच्या जागी अँपमीटर लावला, तीनच्या आतच आकडा, आणि डिकी वीस वेळा आपटली तरी तो हलला नाही.

त्यानंतर हळूहळू दुसरी गॅरेजं फ्यूजच्या गाड्या आमच्याकडे पाठवायला लागली आणि मग दोन पोरंही ठेवली. आता पोरांना पहिलं काम हेच की उडालेला फ्यूज फेकायचा नाही, उजेडाकडे धरून बघायचा. फ्यूजची खिडकी काळवंडलेली, धातूचे शिंतोडे उडालेले, तर डेड शॉर्ट, टेस्ट बल्ब हातात घ्या. आतली पट्टी मधोमध नुसती वितळून तुटलेली असेल तर बहुतेक लोड जास्त, मग बल्ब नाही, वायरभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, कारण तिथे बहुधा वायर चांगली असते आणि ब्लोअरची मोटर जाम होत आलेली असते. अशा वेळी मोठा फ्यूज मागणारं गिऱ्हाईक येतंच, परवाही एक जण आला, म्हणाला दादा फक्त आजचा दिवस 30 चा टाका. नाही टाकला, तो चिडून गेला, संध्याकाळी परत आला. मोटर हाताने फिरवली तर घरघरत होती.

काकांची गाडी अजून येते, सर्व्हिसला. पहिल्या वेळी जाताना त्यांच्या फ्यूजबॉक्समध्ये 10 चे दोन लाल स्पेअर ठेवले होते, ते अजून तसेच आहेत, आणि तो पिवळा आमच्या ड्रॉवरमध्ये.