अर्ध्यावर थांबलेला स्लॅब

मार्चमधली दुपार. शाळेच्या आवारात नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्याचा स्लॅब चालू होता. एकूण ९० घनमीटर काँक्रीट, त्यातलं ५४ पडलं होतं. दोनच्या सुमाराला कळलं की काँक्रीट तयार करून पाठवणारा प्लांट बंद पडलाय. निघालेल्या तीन गाड्या येतील, पुढचं काही सांगता येत नाही. डिस्पॅचवाला 'दहा मिनिटांत सांगतो' म्हणत राहिला. अशा वेळी ही माणसं कधीच स्पष्ट 'नाही' म्हणत नाहीत, आणि साइटवरचा निम्मा वेळ त्यातच जातो.

तीन गाड्या म्हणजे १८ घनमीटर. तो माल कुठे ओतायचा हे पहिली गाडी लागण्याआधी ठरायला हवं होतं. थांबायचं असेल तर दोन कॉलमांमधल्या गाळ्याच्या मधोमध माल अडवणारा स्टॉपर लावून तिथपर्यंत पूर्ण भरायचं. दुसऱ्या प्लांटचा माल आणायचा असेल तर ओतलेल्या मालाची कड लांब न ठेवता छोट्या पट्ट्यांत पुढे सरकायचं, म्हणजे ताज्या कडेला ताजा माल मिळतो.

आधी आरसीसी कन्सल्टंटना फोन केला. मालकापुढे ठेवायचे दोन्ही पर्याय मला करता येण्याजोगे असले पाहिजेत. नुसता दाखवायला दुसरा पर्याय ठेवणं मला पटत नाही. ते म्हणाले, जोड घ्यायचा तर गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, कॉलमपासून लांब. तिथे कातरबल, म्हणजे स्लॅब कापू पाहणारा जोर, कमी असतं. दुसऱ्या प्लांटचा माल चालेल, पण कड जिवंत असेल तरच. ती ओळखायची साधी रीत आहे : व्हायब्रेटरची नीडल स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजे आणि हळू बाहेर काढल्यावर भोक मिटलं पाहिजे. भोक तसंच राहिलं तर तिथे कोल्ड जॉइंट झाला, म्हणजे जुना आणि नवा माल एकजीव होत नाही.

आमच्या ज्युनिअरने तोवर संस्थेच्या सचिवांसाठी व्हॉइस नोट सुरू केली होती, सेटिंग टाइम आणि रिटार्डरपासून. मी ती थांबवली. सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पैसे संस्थेचे आणि जबाबदारी त्यांची. त्यांना काँक्रीट शिकवायची ती वेळ नव्हती. मी लिहून पाठवलं :

'सर, प्लांट बंद पडला आहे. निर्णय हवा.
अ : येणाऱ्या तीन गाड्यांवर थांबू, जोड योग्य जागी घेऊ. उरलेला भाग नंतर. पंप आणि मजुरी पुन्हा, अंदाजे ४० हजार जास्त. दिवस तुम्ही सांगा.
ब : दुसऱ्या प्लांटचा माल आणू. आजच पूर्ण, जादा खर्च जवळपास नाही. पण गाडी साडेपाचच्या आत येत नाही. तोवर कड आवळली तर जोड नको त्या जागी पडेल आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.
माझी शिफारस अ. कन्सल्टंटना दोन्ही मान्य, ब कड ओली असेल तरच. २.३० पर्यंत उत्तर नाही आलं तर अ धरून काम चालू ठेवतो.'

शेवटच्या ओळीवरून आमचा कंत्राटदार नाराज झाला. त्याच्या मते हा मालकावर दबाव. मला तसं वाटत नाही. गाडीतला माल कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही, आणि गप्प राहिलं तर काय होईल हे मालकाला आधी माहीत असणं हा त्याचा हक्क आहे.

२.२२ ला उत्तर आलं : 'अ. रविवारी. बाकी दिवस पेपर आहेत.'

सुताराने सळयांसाठी खाचा पाडून प्लायचा स्टॉपर उभा केला. मजुरांचा कल कड उतरती सोडण्याकडे असतो, कारण ते सोपं जातं. पण पातळ होत गेलेली ती कड नंतर तुटते. इथे कड सरळ उभी घेतली. दुसऱ्या दिवशी स्टॉपर काढून तारेच्या ब्रशने खडी उघडी होईपर्यंत घासली. रविवारी धुऊन, ओली करून, सिमेंटची स्लरी लावली आणि उरलेला स्लॅब ओतला. जोड चांगला बसला.

नंतर विश्वस्तांच्या सभेत ४० हजारांचा प्रश्न निघाला, तेव्हा सचिवांनी तो मेसेजच वाचून दाखवला. मला मात्र ते वेगळंच म्हणाले, "तुमची शिफारस नसती तर मी ब म्हटलं असतं. स्वस्त होतं आणि आजच संपत होतं."

हे मनातून जात नाही. मग निवड त्यांची की माझी? शिफारस न लिहिता दोन्ही पर्याय सारखे मांडले असते तर कागदावर निवड त्यांची दिसली असती, पण जे त्यांना पारखता येत नाही त्याचं ओझं त्यांच्यावर पडलं असतं. त्यांना जे पारखता येत होतं, म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक आणि संस्थेचा पैसा, ते मी त्यांच्याकडेच ठेवलं होतं, आणि रविवार त्यांनीच ठरवला. कंत्राटदार अजून म्हणतो की दोन ओळींत ब ची भीती घातली की कुणीही अ च म्हणणार. ब ची ती ओळ मी पुन्हा वाचून पाहिली. त्यातला एकही शब्द मला काढता येत नाही.