विक्रेता हो म्हणला, पण पाटी काय म्हणते?

आमचं लातूरला मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे पाण्याच्या मोटारी, कूलर, मिक्सर, जे जळून येईल ते. तर परवा औशाकडच्या एका काकू आल्या, बचत गटाच्या, हातात जळकं काहीच नाही, नुसता मोबाईल. शेवग्याचा पाला अन् टमाटे वाळवायचं दहा ट्रेचं मशीन त्यांनी अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडं बघितलेलं, आणि पुतण्यानं मेल टाकून विचारलंही होतं, हे भारतात चालतं का. उत्तर दोन ओळींचं, हो चालतं, फक्त प्लगचं अडॅप्टर लागेल. काकू म्हणल्या, "दादा, तेवढं अडॅप्टर द्या, मग पैसे भरतो."

अडॅप्टर गल्ल्याजवळच लटकलं होतं, दिलं असतं तर विषय संपला असता. पण मला ते उत्तर खटकलं, कारण अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतं, आतला करंट हाय तसाच जातो. विक्रेता काय खोटं बोलला असं नाही, त्याला विचारलं चालतं का, त्यानं प्लग बसतो का एवढंच सांगितलं.

मग पुतण्याला फोन लावला, म्हणलं परत मेल कर, आणि यावेळी हो-नाही विचारूच नको. लिही, आमच्याकडं 230 व्होल्ट अन् 50 हर्ट्झ आहे, मशीनच्या मागं जी पाटी चिकटवलेली असते तिचा फोटो पाठवा, आणि वायर मशीनलाच कायमची जोडलेली आहे का काढता येते, तिथला पण एक फोटो टाका. अमेरिकेत आपल्या संध्याकाळी सकाळ होते, त्यामुळं उत्तर रात्री आलं, सकाळी काकू परत दुकानात. पाटीवर लिहिलेलं:

```
120V~ 60Hz 1000W
```

बघा, इथं दोन भानगडी आहेत. पहिली कॉइलची. व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की हीटर दुप्पट नाही, पावणेचार पटीच्या आसपास तापतो, म्हणजे हजार वॉटचं ते मशीन साडेतीन हजाराच्या वर वॉट ओढणार. अडॅप्टर लावून बटण दाबलं असतं तर टमाटे वाळायच्या आधी कॉइल लाल होऊन तुटली असती, नाहीतर घरची एमसीबी पडली असती. त्या पाटीवर 100-240V असं काही असतं, जसं मोबाईलच्या चार्जरवर असतं, तर मग खरंच नुसत्या अडॅप्टरवर भागलं असतं.

काकू म्हणल्या मग ट्रान्सफॉर्मर लावू की. लावता येतो, पण हजार वॉटच्या हीटरला दीड हजाराचा तरी घ्यावा लागतो, दहा-पंधरा किलोचं धूड, किंमतही तशीच. आणि दुसरी भानगड त्यानं जातच नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. अशा मशीनात पंख्याला साधी इंडक्शन मोटार असली (बऱ्याचदा तीच असते) तर साठवरची मोटार पन्नासवर सहा भागातले पाचच भाग फिरते, वर गरम जास्त होते. हवा कमी, हीटर तेवढाच, म्हणजे मागचे ट्रे करपणार अन् पुढचे ओले राहणार, आणि वर्षभरात ती मोटार माझ्याकडंच भरायला येणार. माझा धंदा झाला असता म्हणा.

म्हणून तिसरा मेल: याच मशीनचं 220-240 व्होल्ट, 50 हर्ट्झचं मॉडेल आहे का, असेल तर त्याचा पूर्ण नंबर आणि त्याच्या पाटीचा फोटो. होतं! युरोपसाठी बनवलेलं, नंबरात शेवटी एकच अक्षर वेगळं, प्लग मात्र युरोपचा दोन जाड पिनांचा. तो आपल्या सॉकेटात ढिला-ढिला घुसतो, पण त्याचं अर्थिंग पिनेत नसतं, बाजूच्या पट्टीत असतं, म्हणजे आपल्याकडं अर्थ लागतच नाही. पत्र्याच्या मशीनला, ओल्या हाताच्या बायांनी चालवायच्या, अर्थ नाही म्हणजे मी तर हात लावू देणार नाही. पण दुसऱ्या फोटोनं काम केलं, वायर काढता येणारी निघाली, कॉम्प्युटरला मागून लावतात तसलीच. हजार वॉटला 230 वर साडेचार अँपियरच्या आतच लागतात, त्यामुळं आपल्या तीन पिनांची चांगली कॉम्प्युटर केबल लावली की झालं, कापाकापी नाही.

मशीन आलं तेव्हा बॉक्स फोडून आधी पाटीच वाचली, मग काकूंच्या घरी गेलो. मीटर लावला तर दुपारी 228, संध्याकाळी सातला 190. एकशेनव्वदवर हजार वॉटचे सातशेही राहत नाहीत, ट्रे वाळायला तेवढाच वेळ जास्त. हे काही अमेरिकेतल्या माणसाला मेल टाकून विचारायचं नव्हतं. काकूंना म्हणलं, टमाटे सकाळी नऊला लावा, संध्याकाळच्या भरवशावर ठेवू नका.