दोनदा कापलेली तीच गाठ

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका वाडीवरून आलेल्या मावशींनी माझ्या टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या सात बाटल्या ओळीने मांडल्या आणि त्यांचा मुलगा कोणती बाटली कोणत्या महिन्यातली ते सांगू लागला. मी मात्र त्यांच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीकडे पाहत होते. पापणीच्या मधोमध सुमारे 12 मिलिमीटर लांबीची कड जाड आणि पिवळसर झाली होती, आणि नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात एकही केस नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंचे केस जागच्या जागी होते. नेत्रविकारतज्ज्ञ म्हणून पापण्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि केस नसलेला असा पट्टा दिसला की पुढचे सगळे प्रश्न मी त्याच्या आधाराने विचारते.

चौदा महिन्यांपूर्वी तिथे पहिली गाठ आली होती. मावशींचे घर काजूच्या बागायतीवर चालते. बिया भाजताना तेल उडाले असेल, असे त्यांना वाटले, आणि काजूच्या तेलाने कातडी कशी भाजते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे घरातल्या कोणालाही त्यात वेगळे वाटले नाही. एका खासगी दवाखान्यात ती रांजणवाडीची जुनी गाठ, म्हणजे कॅलेझियन, समजून कापून खरवडली गेली. तीन महिन्यांत गाठ त्याच जागी परत आली आणि पुन्हा खरवडली गेली. त्यानंतर डोळा सतत लाल राहू लागला, म्हणून स्टिरॉईड आणि अँटिबायोटिक असलेले थेंब सुरू झाले. त्यांनी लाली काही दिवस कमी व्हायची, आणि त्या थोड्याशा सुधारणेमुळेच पुढचे सात महिने वाया गेले. शेवटी पदराने डोळा पुसला की पदराला रक्ताचा डाग दिसू लागला, तेव्हा मुलाने त्यांना वाळपईहून बसने माझ्याकडे आणले.

पापणीच्या आत टारसस नावाची एक ताठ पट्टी असते आणि तिच्यात तेल तयार करणाऱ्या मायबोमियन ग्रंथी उभ्या रांगेत असतात. यांतील एखाद्या ग्रंथीचे तोंड बंद होऊन तेल भोवतालच्या भागात झिरपले की जी सूज येते, ती कॅलेझियन. ती दुखेल, फुगेल, कधी बाहेर फुटेल, पण केसांची मुळे खाऊन टाकणार नाही. याच ग्रंथींतून उगवणारा कर्करोग मात्र अगदी तसाच दिसत सुरू होतो, नंतर केसांची मुळे नष्ट करतो, कड जाड करतो, आणि त्याच्या पेशी पृष्ठभागाच्या आवरणात एकेकट्या पसरत गेल्यामुळे डोळा महिनोन्महिने लाल ठेवतो. वरच्या पापणीत या ग्रंथी जास्त असल्याने तो तिथे अधिक आढळतो. पाश्चात्त्य पुस्तकांत पापणीचा कर्करोग म्हटले की खालच्या पापणीवरची, मोत्यासारख्या चकाकीची, मध्ये खळगा पडलेली गाठ समोर येते. तो बेसल पेशींचा कर्करोग असतो आणि दूरवर क्वचितच पसरतो. भारतात तेलग्रंथींच्या कर्करोगाचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ मोठा आहे, आणि तो कानापुढच्या व जबड्याखालच्या लसिकाग्रंथींत पोहोचू शकतो. आपल्याकडे शिकून तयार झालेल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे अजूनही पहिलेच चित्र असते, याचा मला मनापासून त्रास होतो.

मी पापणी उलटवली. आतला पृष्ठभाग गुळगुळीत नव्हता, त्यावर पिवळसर, मखमलीसारखे उंचवटे होते. कानापुढे आणि जबड्याखाली बोटांनी चाचपले, तेव्हा गाठ लागली नाही. मग मुलाला विचारले, की आधी दोनदा काढलेला भाग तपासणीला पाठवला होता का. तो म्हणाला, “डॉक्टर, त्याचा काही कागद दिला नाही.” तो भाग कचऱ्याच्या बादलीत गेला असणार. कॅलेझियन खरवडताना क्युरेटवर करडा, जेलीसारखा ऐवज येतो. गाठ कर्करोगाची असेल तर पिवळसर, रवाळ, तुटक कण येतात, आणि हाताला हा फरक कळतो. कळला नाही तरी साठीच्या पुढचा माणूस त्याच जागी दुसऱ्यांदा आला, की तो ऐवज फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवायला दोन मिनिटे लागतात.

बायोप्सीत मी जाड भागातून पापणीच्या पूर्ण जाडीचा छोटा त्रिकोणी तुकडा घेतला, कारण वरवरच्या कातडीचा तुकडा घेतला तर टारससमधली गाठ हातून निसटते आणि अहवालात नुसता दाह येतो. तुकड्यासोबतच्या कागदावर माझा संशय मी स्पष्ट लिहिते, कारण नेहमीच्या प्रक्रियेतील अल्कोहोल आणि झायलीनमध्ये पेशींतील चरबी विरघळून जाते आणि उरलेल्या पोकळ्यांकडे पाहून दुसऱ्या जातीच्या कर्करोगाचा अहवाल येऊ शकतो. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी थोडा भाग त्या प्रक्रियेतून वगळून चरबीचा रंग देऊन पाहिला. पाचव्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावून स्लाइड दाखवली, तेव्हा शंकेला जागा उरली नव्हती.

शस्त्रक्रियेचा हिशेब आदल्या रात्री वहीत मांडला. मावशींच्या पापणीची लांबी 29 मिलिमीटर, गाठ 12, आणि या कर्करोगात दिसणाऱ्या कडेपासून दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटर निरोगी भाग घ्यायचा, म्हणजे 22 मिलिमीटर पापणी जाणार होती. पापणीचा साधारण चौथा भाग गेला तर उरलेल्या कडा ओढून शिवता येतात, आणि वयस्क माणसाच्या सैल पापणीत थोडा जास्त गेला तरी चालते. निम्म्याच्या आसपास भाग गेला तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडची कातडी अर्धवर्तुळाकार फिरवून आणता येते. पहिल्या वेळी गाठ 5 मिलिमीटरची असेल असे धरले, तर तेव्हा 15 मिलिमीटर काढून एकाच बैठकीत काम झाले असते. ती वजाबाकी मी त्या रात्री दोनदा केली आणि अजूनही करते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी गाठ काढली, कडांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधून बाजू ओळखू येतील अशा केल्या आणि कडा फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासण्यासाठी, पाठवल्या. त्याशिवाय डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाचे आणि खालच्या पापणीच्या आतले तिळाएवढे दहा तुकडे घेऊन दहा वेगळ्या बाटल्यांत घातले आणि प्रत्येक बाटलीवर जागा लिहिली. कर्करोग आवरणातून किती लांब सरकला आहे याचा नकाशा त्यातून मिळतो. तिथे पेशी सापडल्या, तर ती जागा गोठवून पेशी मारण्याचा किंवा मायटोमायसिन या कर्करोगावरच्या औषधाच्या थेंबांचा विचार करावा लागतो, आणि रोग डोळ्याच्या खोबणीत उतरलेला असेल तर अनेकदा डोळ्यासकट खोबण रिकामी करण्यावाचून इलाज उरत नाही.

चाळीस मिनिटांनी मॅडमचा फोन आला. बाहेरची कड स्वच्छ होती. नाकाकडच्या कडेच्या आवरणात काही पेशी आपल्याला पटत नाहीत, पण गोठवलेल्या तुकड्यावर ठामपणे सांगणार नाही, असे त्या म्हणाल्या. एकट्यादुकट्या पसरलेल्या पेशी गोठवलेल्या तुकड्यात ओळखणे खरोखरच अवघड असते, आणि घाईने “स्वच्छ” म्हणण्यापेक्षा तसे सांगणाऱ्या पॅथॉलॉजिस्टबद्दल मला फार आदर आहे. मी त्या बाजूने आणखी 3 मिलिमीटर काढले. आता 29 पैकी 25 मिलिमीटर पापणी गेली होती.

टेबलावर मावशी होत्या, बुबुळ उघडे होते, आणि त्याच क्षणी नवी पापणी बांधून मोकळे व्हावे असा मोह होता. कर्करोग उरलेल्या कडेला शेजारचा भाग फिरवून शिवला, तर उरलेल्या पेशी नव्या पापणीखाली झाकल्या जातात आणि पुढे शोधायच्या कुठे हे कळत नाही. म्हणून मी थांबले. खालच्या पापणीतून टाका घेऊन ती भुवईकडे ओढून बांधली, त्यामुळे बुबुळाचा बराच भाग झाकला गेला. उरलेल्या भागावर दाट मलम घातले आणि वरून हवा आत शिरू नये म्हणून पारदर्शक पातळ पडदा चिकटवला. दोन दिवस आणि दोन रात्री दर तासाला मलम घालायचे होते. रात्रपाळीच्या सिस्टरनी एकही वेळ चुकवली नाही, आणि बुबुळावर एक ओरखडाही आला नाही याचे श्रेय त्यांचे आहे.

दुसऱ्या रात्री मावशींनी विचारले, “चवथीला मी घरी असेन ना? माटोळी मी बांधते.” गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी टांगतात, तिच्याबद्दल त्या बोलत होत्या. मी हो म्हटले, पण डोळा तेव्हा बंद असेल हेही सांगितले.

तिसऱ्या सकाळी पक्का अहवाल आला. नाकाकडच्या पहिल्या कडेत कर्करोगाच्या पेशी खरोखरच होत्या, नंतर काढलेल्या 3 मिलिमीटरच्या कडेत नव्हत्या, आणि दहाही बाटल्या स्वच्छ होत्या. त्याच दिवशी कटलर आणि बिअर्ड यांनी 1955 मध्ये मांडलेल्या पद्धतीने पापणी बांधली. यात खालच्या पापणीच्या कडेपासून 4 ते 5 मिलिमीटर खाली पूर्ण जाडीचा छेद घेतात, म्हणजे कडेला रक्त पुरवणारी धमनी शाबूत राहते. छेदाखालचा भाग त्या कडेच्या पुलाखालून वर ओढून वरच्या पापणीच्या उरलेल्या भागाला थराथराने शिवतात. ताठपणा यावा म्हणून मी मध्ये कानाच्या कूर्चेची पातळ पट्टी घातली. मलमपट्टी घट्ट बांधायची नसते, कारण दाबाने पुलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो काळा पडतो. हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते, तरीही पहिल्याच दिवशी कोणीतरी काळजीपोटी घट्ट पट्टी बांधायला निघतो.

सात आठवडे मावशींचा उजवा डोळा बंद राहिला. चवथ त्यांनी एका डोळ्याने केली, आणि माटोळीची वरची फळे त्या वर्षी मुलाने बांधली. सातव्या आठवड्यात मी वर ओढलेला भाग कापून दोन्ही पापण्या वेगळ्या केल्या. तेव्हा वरच्या पापणीला 2 मिलिमीटर जास्त लांबी ठेवली, कारण पुढच्या महिन्यांत ती वर आक्रसते.

नव्या पापणीला केस नाहीत आणि ती डाव्या पापणीइतकी उंच उघडत नाही, पण पूर्ण मिटते. मावशी दर तीन महिन्यांनी येतात. मी आधी कानापुढे आणि जबड्याखाली चाचपते, मग कडा पाहते, आणि पापणी हलकेच उलटवून आतला पृष्ठभाग पाहते. मागच्या खेपेला त्यांनी विचारले, की पहिल्यांदा काढलेली गाठ त्या डॉक्टरांनी तपासली असती तर ती ओळखू आली असती का. मी सांगितले, की बहुधा आली असती. त्यांनी मान डोलावली आणि मुलाला पुढच्या तपासणीचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितला.