आजीचा गोळ्यांचा तक्ता

रविवार, रात्र

आज आजीच्या गोळ्यांचा तक्ता एकदाचा भिंतीवर लागला. तिसऱ्यांदा लिहिलेला कागद आहे हा. पहिले दोन का फसले ते इथे लिहून ठेवतो, कारण वर्गात जे शिकतो त्यातलं बरंच मला या दोन आठवड्यांत नव्याने कळलं.

सुरुवात झाली रक्ताच्या रिपोर्टवरून. आजीचा टीएसएच, म्हणजे शरीराला थायरॉक्सिन कमी पडलं की चढणारा आकडा, 8.6 आला, हवा त्यापेक्षा जास्त. थायरॉईडची गोळी पुरेशी पडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" आजी म्हणाली, "एक दिवस चुकवत नाही." आणि ते शंभर टक्के खरं होतं. डॉक्टरांनी डोस 50 मायक्रोग्रॅमवरून 75 करून दिला.

घरी आल्यावर मी फक्त एवढंच विचारलं, "आजी, तू घेतेस कशी ते दाखव ना." तिने नाश्त्याची ताटली बाजूला सारली, पाचही गोळ्या तळहातावर मांडल्या आणि दोन घोटांत संपवल्या. "एकदाच घेतल्या की विसरायचा प्रश्नच नाही," म्हणाली. तिच्या तळहातावर थायरॉईडची बारीक गोळी कॅल्शियमच्या जाड गोळीला टेकून पडली होती. माझं लक्ष तिथेच अडकलं.

कॅल्शियम आतड्यात थायरॉईडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला धरून ठेवतं. दोघांचं मिळून जे तयार होतं ते नीट शोषलं जात नाही, पुढे निघून जातं. म्हणून या दोन गोळ्यांमध्ये निदान चार तासांचं अंतर लागतं. त्यात थायरॉईडची गोळी हवी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. आजी ती भरल्या पोटी घेत होती आणि वर कॅल्शियम. रोज नेमाने गोळी घेऊनही तिच्या रक्तात त्यातली किती पोचत असेल?

डोस वाढवून घेतला असता तर पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा कदाचित सुधारलाही असता. पण मग एखाद्या दिवशी तिने गोळी योग्य वेळी घ्यायला सुरुवात केली की तोच 75 तिला जास्त झाला असता. तिच्या वयात जास्त थायरॉक्सिन म्हणजे छातीत धडधड, नाडीचा ताल बिघडणं आणि हाडं ठिसूळ होणं. ज्या हाडांसाठी ती कॅल्शियम घेते, त्याच हाडांचं नुकसान. नवी गोळी आणायच्या आधीच मी डॉक्टरांना फोन केला आणि ती कशी घेत होती ते सांगितलं. त्यांनी 50 च चालू ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, वेळा नीट लावून तक्ता मला आणून दाखव.

पहिला तक्ता मी उत्साहात केला. दिवसातून सहा वेळा. प्रत्येक गोळीला स्वतंत्र वेळ, पुस्तकात शोभावा असा. आजीने तो बघून चष्मा काढून ठेवला. "अरे, मी दिवसभर घड्याळच बघत बसू का?" तिचं म्हणणं बरोबर होतं. सहा वेळा म्हणजे चुकायच्या सहा संधी. मग मी प्रत्येक गोळीबद्दल एकच प्रश्न विचारला: हिची वेळ खरंच हलवता येत नाही का?

थायरॉईडची हलत नाही. कॅल्शियमला तिच्यापासून लांब ठेवायचं आणि जेवणाबरोबर द्यायचं, कारण तिचं कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. मेटफॉर्मिन दोनदा आणि खाण्याबरोबर, नाहीतर मळमळ होते, पोट बिघडतं. पण रक्तदाबाच्या अम्लोडिपिनला वेळेचं बंधन नाही, रोज साधारण एकच वेळ असली की पुरे. आणि कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन झोपतानाच हवी असं नाही. तिचा परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून ती रात्रीच्या जेवणाला जोडली. सहाच्या चार वेळा झाल्या:

सकाळी 6, उठल्यावर: थायरॉईड 50 मायक्रोग्रॅम. फक्त पाणी. चहासुद्धा पाऊण तासाने.
सकाळी 8, नाश्त्याबरोबर: साखरेची मेटफॉर्मिन 500 आणि रक्तदाबाची अम्लोडिपिन 5.
दुपारी 1, जेवणाबरोबर: कॅल्शियम 500.
रात्री 8, जेवणाबरोबर: साखरेची मेटफॉर्मिन 500 आणि कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन 10.

सहा आणि एक यांत सात तास आहेत. आजी उशिरा उठली किंवा लवकर जेवली तरी चार तास सहज राहतात, म्हणून मुद्दाम एवढं सैल ठेवलं.

दुसरा तक्ता याच वेळांचा होता, फक्त त्यात मी रंग लिहिले होते. "पांढरी गोल", "पिवळी लांबट". तिनेच तसं सुचवलं होतं, आणि मलाही ते सोपं वाटलं. चौथ्या दिवशी मेटफॉर्मिनची नवी पट्टी आली ती दुसऱ्या कंपनीची, गोळीचा आकारच वेगळा. आजी ती हातात घेऊन बराच वेळ बसून होती, घेतली नाही. तिने घेतली नाही हे चांगलंच झालं, पण चूक माझ्या कागदाची होती. आता तक्त्यावर कशासाठी, औषधाचं नाव आणि डोस एवढंच आहे, जाड मार्करने, तिला हातभर अंतरावरून वाचता येईल इतकं मोठं. पट्टीवरचं नाव आणि आकडा तक्त्याशी जुळला नाही तर गोळी घ्यायच्या आधी मला विचारायचं, असं ठरलंय.

खुणा करायचा रकानाही काढून टाकला. तिने एकदा सकाळीच दिवसभराच्या चारही खुणा करून ठेवल्या होत्या, काम संपवून टाकावं तशा. त्याऐवजी नाश्ता, दुपार आणि रात्र यांच्या गोळ्या मी रविवारी आठवड्याच्या डबीत भरतो. कप्पा रिकामा म्हणजे घेतली. थायरॉईडची मात्र डबीत काढत नाही, तिला दमटपणा आणि उजेड सोसत नाही, ती आपल्या बाटलीतच राहते. त्यावर तोड आजीनेच काढली: गोळी घेतली की घट्ट झाकणाची बाटली उलटी ठेवायची, रात्री झोपताना परत सुलटी.

कागदाच्या तळाशी दोनच ओळी आहेत. चुकलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि उलट्या, जुलाब होत असतील किंवा जेवण जात नसेल तर मेटफॉर्मिन घेण्याआधी डॉक्टरांना फोन. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि ते औषध शरीरात साठू लागतं. ही ओळ डॉक्टरांनी तक्ता तपासताना स्वतः घालायला लावली. वर तारीख आहे, त्यांची सही आहे. एखादं औषध बदललं की हा कागद फाडून नवा लिहायचा, जुन्यावर खाडाखोड करायची नाही.

पुन्हा रक्त तपासायला अजून सहा आठवडे आहेत. त्याआधी तपासण्यात अर्थ नाही. थायरॉक्सिनची पातळी रक्तात स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात, टीएसएच त्याच्या मागून खाली येतो. मला धीर धरवत नाहीये, आजीला त्याचं काही नाही.

आत्ता पाणी प्यायला उठलो तेव्हा तिच्या उशाशी बघून आलो. बाटली सुलटी होती.